सोनेतारण कर्ज: ‘वर्षाअखेरीस एकदम भरा’ म्हणाले आणि व्याज जवळपास दुप्पट झालं

माझ्या आत्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये मुलाच्या फीसाठी पाटल्या आणि गोफ तारण ठेवून एका वित्त कंपनीकडून २ लाख रुपये उचलले. काउंटरवरचा मुलगा गोड बोलला, “काकू, दर महिन्याला कशाला हेलपाटे घालता? वर्षाअखेरीस व्याजासकट एकदम भरा. टक्का एकच आहे, शेकडा एक.” आत्याने मनातल्या मनात हिशोब केला: वर्षाचे २४ हजार. वर्षभर तिने पैसे बाजूला टाकले आणि २ लाख २४ हजार घेऊन दागिने सोडवायला गेली. तिथे तिला २ लाख ४६ हजार २८८ रुपये मागितले.

कागद मी नंतर वाचले. शेकडा एक हा दर खरा होता, पण दर महिन्याला वेळेवर व्याज भरणाऱ्यासाठी. योजनेचा मूळ दर होता वर्षाला २१ टक्के आणि शेकडा एक, म्हणजे वर्षाचे १२ टक्के, हा ‘सवलतीचा’ दर. व्याज थकलं की सवलत रद्द, तीही पहिल्या दिवसापासून. शिवाय न भरलेलं व्याज दरमहा मुद्दलात मिळवलं जातं. २१ टक्के म्हणजे महिन्याला पावणेदोन. बारा महिने व्याजावर व्याज चढलं की २ लाखांचे हे एवढे होतात. दंड म्हणावं तर कागदावर दंड हा शब्दच नाही, नुसती सवलत काढून घेतली. मला ही मखलाशी दंडापेक्षा वाईट वाटते.

आता खरा खर्च बघू. कर्ज देतानाच प्रक्रिया शुल्क २,००० आणि त्यावर जीएसटी ३६० रुपये कापले होते, म्हणजे हातात आले १,९७,६४०. महिन्याला २,००० भरत गेली असती, तर वर्षाचा प्रत्यक्ष दर साधारण १४.१ टक्के पडला असता. एकदम भरल्यावर तो पडला २४.६ टक्के.

यावरून ‘एकदम भरणं वाईट’ असं मात्र समजू नका. त्या मुलाने तोंडाने सांगितलं तसं कर्ज खरोखर असतं, म्हणजे १२ टक्के सरळ व्याज आणि सगळं शेवटी, तर प्रत्यक्ष दर १३.३ टक्के झाला असता, महिन्याच्या पर्यायापेक्षाही कमी. कारण उघड आहे: तेच २४ हजार वर्षभर आपल्याकडे राहतात. एकदम भरण्याचा फायदा असा खरा असतो, म्हणून तर ते बोलणं पटतं. तो टिकतो फक्त दोन अटींवर: दर तोच राहिला पाहिजे आणि व्याज मुद्दलात मिळवलं जाता कामा नये.

अशा कर्जासोबत केएफएस, म्हणजे मुख्य माहितीचं पत्रक, द्यावंच लागतं आणि त्यात एपीआर, म्हणजे शुल्क धरून वार्षिक दर, छापलेला असतो. आत्याच्या पत्रकावर १४ च्या आसपासचा आकडा होता. तो खोटा नव्हता, पण दुसऱ्याच कर्जाचा होता: दरमहा व्याज भरलं असं धरून काढलेला. हे ओळखायची खूण पत्रकाच्या परतफेडीच्या तक्त्यात आहे. तिथे बारा ओळी होत्या, प्रत्येकीत २,००० आणि शेवटच्या ओळीत मुद्दलही. कर्ज खरंच शेवटी एकदम भरायचं असेल, तर तक्त्यात एकच ओळ हवी.

सही करण्याआधी मी एकच गोष्ट मागेन: “बाराव्या महिन्याच्या शेवटी, मधे एक पैसाही न भरता, दागिने सोडवायला किती रुपये लागतील ते लिहून द्या.” त्या रकमेला हातात पडणाऱ्या रकमेने भागा, एक वजा करा, शंभराने गुणा. वर्षाच्या कर्जाला एवढा हिशोब मोबाइलवर होतो. लिहून द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरं दुकान बघा. रिझर्व्ह बँकेचे सोनेतारणाचे नवे नियमही इथे कामाला येतात. १ एप्रिल २०२६ पासून एकदम फेडायच्या कर्जात सोन्याच्या किमतीच्या किती टक्के कर्ज द्यायचं, ते शेवटी देणं होणारी पूर्ण रक्कम धरून ठरवायचं आहे. म्हणजे खऱ्या एकदम-फेडीच्या कर्जात हातात थोडी कमी रक्कम यायला हवी. मासिक योजनेइतकीच कमाल रक्कम मिळत असेल तर कागद पुन्हा वाचा.

आत्याला त्या वर्षी लिलावाची नोटीस आली नाही, कारण सोनं तेजीत होतं. भाव पडला असता तर फुगलेल्या बाकीमुळे तीही आली असती. कमी पडलेले २२ हजार आम्ही घरातून जमवले, दागिने सोडवले आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार दिली. तिथून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तक्रारीला आम्ही तो बारा ओळींचा तक्ता आणि खात्याचा उतारा जोडला आहे. त्या उताऱ्यात वर्षभरात एकही हप्ता आलेला नाही, आणि तरीही एकदाही कुणी फोन करून विचारलं नव्हतं.