एक दाढ गेली: कवळी, ब्रिज की इम्प्लांट?

माझ्या खालच्या जबड्यातली उजवी दाढ आधी गेली, तिथे ब्रिज बसवला, म्हणजे शेजारचे दोन्ही दात घासून त्यांवर कॅपा आणि त्यांना जोडलेली मधली खोटी दाढ. काही वर्षांनी डावी गेली, तिथे इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेला स्क्रू आणि त्यावर कॅप. काढता-घालता येणारी कवळी मधल्या काळापुरती वापरली.

कवळीबद्दल थोडक्यात सांगतो. ती लवकर होते, हाडाला हात लावावा लागत नाही आणि तिघांत स्वस्तही तीच. पण दाढ एकच गेली तरी ती बहुधा जिभेखालून पलीकडच्या दातांपर्यंत जाते, कारण एका बाजूचा सुटा तुकडा निसटून गिळला जाण्याची भीती असते. मला तिची सवय झाली नाही. काहींना होते.

ब्रिज मात्र पहिल्या आठवड्यापासून आवडला होता. चावायला घट्ट, दिसायला छान. त्रास रात्रीचा. तिन्ही कॅपा एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळे फ्लॉस वरून उतरत नाही. सुईत ओवल्यासारखा मधल्या खोट्या दाढेखालून ओवून काढावा लागतो. तेही मी केलं असतं. पण सहाव्या वर्षी त्या बाजूला सतत घाण चव यायला लागली. डॉक्टरांनी ब्रिज बोटाने दाबला, तर मागच्या कॅपच्या कडेने लाळेचे बुडबुडे आले. तिथलं सिमेंट सुटलं होतं, पण पुढच्या दाताने ब्रिज धरून ठेवला होता, म्हणून तो निघाला नाही आणि आत दाढ किडत राहिली. कॅप बसावी म्हणून घासली तेव्हा ती दाढ पूर्ण निरोगी होती. मला लागलं ते हेच.

इम्प्लांटला धीर लागतो. आधी स्कॅन करून खालच्या नसेपर्यंत हाड किती आहे ते पाहिलं, मग स्क्रू बसवला, आणि तो हाडाशी एकजीव व्हायला तीन महिने थांबलो. दुसऱ्या वर्षी कॅप किंचित हलायला लागली तेव्हा घाबरलो, पण सैल झाला होता तो कॅप धरून ठेवणारा आतला छोटा स्क्रू, हाडातला नाही. तो पुन्हा आवळला. हिरडीतून रक्त येणं मात्र गंभीर घ्यावं. इम्प्लांट किडत नाही, पण भोवतालचं हाड झिजू शकतं, तेही न दुखता. सिगारेट ओढणाऱ्यांना आणि साखर आटोक्यात नसलेल्यांना हा धोका जास्त. हाडांच्या ठिसूळपणाची औषधं चालू असतील तर ते डॉक्टरांना आधीच सांगावं.

शेजारच्या दोन्ही दातांना आधीच कॅप लागणार असेल, तर मी आजही ब्रिजचा विचार करीन. ते दात कोरे असतील, तर माझा हात त्यांना घासायला धजणार नाही.

उजवीकडचा ब्रिज शेवटी कापून काढावा लागला. मागच्या दाढेचं रूट कॅनल झालं, मधे इम्प्लांट बसला. आता तिथे तीन सुटे दात आहेत आणि साधा फ्लॉस वरून सरळ खाली उतरतो.