एच-१बी: तिथेच स्टेटस बदलायचं की मुंबईहून व्हिसा घ्यायचा?

अमेरिकेत नोकरीसाठीच्या एच-१बी व्हिसाच्या २१ सप्टेंबर २०२५ पासूनच्या नव्या अर्जांत हा फरक एक लाख डॉलरच्या शुल्काचा आहे. समजा, दादरची मुलगी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकून अमेरिकेतच ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर, नोकरी करते. कंपनीने तिथल्या तिथे ‘चेंज ऑफ स्टेटस’, म्हणजे एफ-१वरून एच-१बीवर बदल, मागितला आणि तो मंजूर झाला, तर हे शुल्क लागत नाही. पुढे ती बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत व्हिसा स्टॅम्पिंगला आली, तरीही नाही. अर्जच मुंबईहून व्हिसा घेण्यासाठी केला, तर मात्र कंपनीला ते भरावं लागतं. आणि इतके पैसे कोण भरतंय?

खरी मेख मधल्या काळात आहे. निकाल येण्याआधी ती भावाच्या लग्नाला विमानात बसली, तर स्टेटसबदलाची मागणी सोडून दिली असं धरतात आणि शुल्क लागू होतं. घरचे कितीही रुसले तरी मी तिला थांबच म्हणेन.