सोलर इन्व्हर्टर: एक पावसाळा, एक उन्हाळा आणि प्लेटवरचे दोन करंट

एप्रिलच्या कडक उन्हात माझ्या इन्व्हर्टरचा ग्राफ सकाळभर छान चढायचा आणि साडेअकराच्या सुमारास २.५ किलोवॉटवर अडकायचा. दुपारी दीडपर्यंत सुरीने कापल्यासारखी सपाट रेघ, मग पुन्हा नेहमीचा उतार. रत्नागिरीत घराच्या गच्चीवर ५४० वॉटचे सहा पॅनल एकापुढे एक जोडून एका स्ट्रिंगमध्ये, खाली ३ किलोवॉटचा सिंगल फेज ऑन-ग्रिड इन्व्हर्टर. थोडक्यात, सबसिडीत बसणारी नेहमीची सिस्टीम.

तक्रार केल्यावर सर्व्हिसचा मुलगा आला. ॲपमधला ग्राफ बघून म्हणाला, "काका, पॅनलवर धूळ बसलीय, धुऊन घ्या." पॅनल स्वच्छ धुतले, रेघ तिथेच. तशीही धूळ असती तर सकाळ-संध्याकाळचं उत्पादनही त्याच प्रमाणात घटलं असतं, फक्त माथा कापला गेला नसता. इन्व्हर्टर तापून स्वतःला आवरतो तेव्हाही आकार वेगळा दिसतो: वॉट हळूहळू घसरत जातात, एका आकड्याला चिकटून राहत नाहीत. आणि ३ किलोवॉटची एसी मर्यादा गाठली असती तर रेघ ३००० वॉटवर दिसली असती.

भर दुपारी डिस्प्लेवर डीसीचे आकडे उघडले तेव्हा उलगडा झाला. व्होल्टेज २३४, करंट ११.०. दहा मिनिटांनी पुन्हा पाहिलं, व्होल्टेज थोडं हललेलं, करंट ११.० च. मग इन्व्हर्टरच्या बाजूला चिकटवलेली चंदेरी प्लेट टॉर्च मारून वाचली. मॅक्स इनपुट करंट ११ अँपिअर. त्याच्या खालच्या ओळीत आयएससी पीव्ही १३.८ अँपिअर. पॅनलच्या पाठीवरच्या लेबलचा फोटो माझ्याकडे होता: पूर्ण क्षमतेला करंट १३.०, शॉर्ट सर्किट करंट १३.९. सहा पॅनल सिरीजमध्ये असले की व्होल्टेजची बेरीज होते, करंट मात्र एका पॅनलचाच राहतो. म्हणजे १३ अँपिअर देणाऱ्या स्ट्रिंगला ११ घेणारा इन्व्हर्टर लावलेला. हे मॉडेल जुन्या, लहान सेलच्या पॅनलच्या काळातलं. तेव्हा करंट नऊ-दहा अँपिअर असायचा. सेल मोठे झाले, पॅनल ५४० वर गेले, आणि दुकानातला जुना माल माझ्या भिंतीवर आला.

त्या दिवशी रागाने लिहिलं असतं तर या इन्व्हर्टरला एकही स्टार दिला नसता. पण हिशोब मांडल्यावर पहिल्या आकड्याबद्दलचं माझं मत बरंच मवाळ झालं. १३ ऐवजी ११ म्हणजे सरळ पंधरा टक्के नुकसान, असं वाटतं. प्रत्यक्षात तसं होत नाही. इन्व्हर्टर करंट ११ वर रोखतो तेव्हा पॅनलचं व्होल्टेज वर सरकतं. तापलेल्या पॅनलवर माझी स्ट्रिंग एरवी २१६ व्होल्ट आणि १३ अँपिअरला चालली असती, म्हणजे साधारण २८०० वॉट. करंट रोखल्यावर २३४ गुणिले ११, म्हणजे २५७० च्या आसपास. तोटा आठ टक्के, तोही निरभ्र दुपारचे दोन-अडीच तास. दिवसाला अर्धं युनिट धरा. पावसाळ्यात आणि ढगाळ दिवशी तेवढंही नाही. वर्षाकाठी बिलात काही शे रुपयांचा फरक. एवढ्यासाठी भांडायची माझी तयारी नव्हती.

डीलर हेच सांगत होता. "काका, ११ ही चालू लिमिट आहे, इन्व्हर्टर स्वतःच कंट्रोल करतो, काही होत नाही." पहिल्या ओळीपुरतं त्याचं बरोबर आहे. खरा वाद दुसऱ्या ओळीचा आहे, आणि त्यावर तो शेवटपर्यंत बोलायला तयार नव्हता.

मॅक्स इनपुट करंट ही इन्व्हर्टरची घेण्याची मर्यादा, ती तो स्वतः पाळू शकतो. आयएससी पीव्ही ही सोसण्याची मर्यादा. आत बिघाड होऊन इनपुट शॉर्ट झालं, तर पॅनल आपला पूर्ण शॉर्ट सर्किट करंट ओततात आणि तेव्हा नियंत्रण करायला इन्व्हर्टर शुद्धीवर नसतो. माझं पॅनल १३.९ चं, प्लेट १३.८ ची. ०.१ ने काय बिघडतं, असं डीलर म्हणेल. पण १३.९ हा आकडा प्रति चौरस मीटर १००० वॉट ऊन धरून मोजलेला आहे आणि करंट उन्हाच्या प्रमाणात वाढतो. पावसाळ्यात ढग पांगून मधूनच ऊन पडतं तेव्हा ढगांच्या कडांवरून परावर्तित झालेला उजेडही त्यात मिसळतो आणि काही क्षण ऊन १००० च्या वर जातं. म्हणून डिझाइन करणारे शॉर्ट सर्किट करंटला १.२५ ने गुणतात. माझ्या बाबतीत १७.४ अँपिअर. १३.८ च्या प्लेटसमोर हा आकडा ठेवला की वाद संपतो. उद्या इन्व्हर्टर जळाला तर कंपनी आधी पॅनलचं लेबल मागेल आणि वॉरंटीचा कागद परत करेल.

एफिशियन्सीच्या ओळीने मात्र माझी सगळ्यात जास्त दिशाभूल केली असती. प्लेटवर कमाल ९७.८ आणि युरो ९७.२ टक्के छापलंय. कमाल म्हणजे सगळं जुळून आलेल्या एका क्षणाचा आकडा. युरो एफिशियन्सी वेगवेगळ्या लोडवर मोजून काढतात. त्यात अर्ध्या लोडला ४८ टक्के वजन असतं आणि पूर्ण लोडला फक्त २०, म्हणून तुलना करायची तर हाच आकडा घ्यावा. माझ्या अडकलेल्या दुपारी २५७४ वॉट आत जात होते, २५०० बाहेर येत होते. ९७ टक्के, अगदी प्लेटबरहुकूम! कारण ही टक्केवारी आत घेतलेल्या विजेची आहे. इन्व्हर्टरने दारातूनच परत पाठवलेली वीज तिच्या हिशोबात येतच नाही.

प्लेटवरच्या आयपी ६५ या धूळ-पाण्याच्या रेटिंगबद्दल मात्र मनापासून चांगलं बोलायचंय. सहा म्हणजे धूळ अजिबात आत नाही, पाच म्हणजे कोणत्याही दिशेने नळीने मारलेलं पाणी सोसेल. कोकणातला अख्खा पावसाळा आडव्या सरींसकट या डब्याने काढला, आत थेंब नाही. बिघाड झाला तो वायफाय डाँगलच्या पोर्टमध्ये. बसवताना त्याची चाकी अर्धवट फिरवली होती. श्रावणात ॲप बंद पडलं, डाँगल काढला तर पितळी पिनांवर हिरवा थर आणि रबरी रिंगेखाली मुंग्यांची अंडी. सगळी झाकणं, कनेक्टर, ग्लँड घट्ट असतील तेव्हाच ते ६५ खरं. शिवाय खाऱ्या हवेबद्दल आणि थेट उन्हाबद्दल हे दोन आकडे काहीच सांगत नाहीत, म्हणून वर पत्र्याची छपरी मी वेगळी करून घेतली.

शेवटी प्लेटचा आणि लेबलचा फोटो शेजारी शेजारी ठेवून, १.२५ चा हिशोब खाली लिहून कंपनीला मेल केला. त्यानंतर डीलरने फरकाची रक्कम न घेता इन्व्हर्टर बदलून दिला. नव्या प्लेटवर १६ आणि २० अँपिअर आहे. मे महिन्यात दुपारी डिस्प्लेवर १२.८ अँपिअर दिसले, एसी २.७ किलोवॉट, आणि ग्राफला पुन्हा गोल माथा आला. जुन्याला मी तीन स्टार देतो: ४०० वॉटच्या जुन्या पॅनलना तो आजही उत्तम चालेल. ५४० च्या पॅनलसोबत कोणी तो देत असेल तर पैसे देण्याआधी प्लेटचा फोटो मागवा आणि दुसरी ओळ पॅनलच्या शॉर्ट सर्किट करंटच्या किमान सव्वापट आहे का ते बघा.