क्रमांक की लेखक-वर्ष? प्रयोग-अहवालाच्या संदर्भयादीबद्दल

बडोद्यात बी.एस्सी., एम.एस्सी. करणाऱ्यांचा अहवाल इंग्रजीतच असतो, आणि संदर्भ कसे द्यायचे हा प्रश्न बहुधा सबमिशनच्या आदल्या दिवशी पुढे येतो. विभागाने किंवा मॅडमनी एक पद्धत ठरवून दिली असेल तर प्रश्नच मिटला. निवड तुमच्यावर सोडली असेल, तर पुढचं वाचून ठरवा.

उदाहरण म्हणून प्रथिनांचं प्रमाण काढण्याचा प्रयोग घेऊ. लाउरी पद्धतीचा मूळ लेख १९५१ चा, ब्रॅडफर्डचा १९७६ चा, बीसीए पद्धतीचा स्मिथ आणि सहकाऱ्यांचा १९८५ चा, आणि जेलसाठी लेमलीचा १९७० चा. अहवालात याच क्रमाने उल्लेख आले, तर क्रमांक पद्धतीत ते `[1]` ते `[4]` होतात. लेखक-वर्ष पद्धतीत त्याच जागी `(Lowry et al., 1951)`, `(Bradford, 1976)` असं येतं आणि यादी आडनावांच्या वर्णक्रमाने लागते.

आता मॅडम म्हणतात, लाउरी पद्धतीत कोणती रसायनं अडथळा आणतात ते प्रस्तावनेतच लिहा. त्यासाठी पीटरसनचा १९७९ चा आढावा-लेख लाउरीच्या लगेच मागे घालावा लागतो. तो `[2]` झाला, की मागचे तिन्ही एकेक घर पुढे सरकतात. इथे बहुतेकजण Find and Replace उघडून वरून सुरुवात करतात: `[2]` चा `[3]`, मग `[3]` चा `[4]`, मग `[4]` चा `[5]`. पहिल्याच फेरीत ब्रॅडफर्ड आणि स्मिथ दोघेही `[3]` होतात, आणि शेवटी ब्रॅडफर्ड, स्मिथ, लेमली तिघेही `[5]` वर जाऊन बसतात. कोणता कुणाचा, हे मजकुरावरून सांगता येत नाही. बदल नेहमी शेवटाकडून करायचे, आणि पीटरसनचा `[2]` सगळ्यात शेवटी टाइप करायचा:

```
[4] → [5]
[3] → [4]
[2] → [3]
```

एवढं करूनही `[2-4]` किंवा `[2,3]` असं एकत्र लिहिलेलं या शोधात सापडत नाही; ते डोळ्यांनीच पाहावं लागतं. वर्डमध्ये यादीला आपोआप क्रमांक देऊन मजकुरात Cross-reference वापरला, तर `Ctrl+A` आणि `F9` दाबल्यावर आकडे सुधारतात. पण एखादा परिच्छेद वर-खाली हलवला, तर यादीतला क्रम हातानेच बदलावा लागतो. झोटेरोसारखं सॉफ्टवेअर हेही सांभाळतं. मात्र लॅबमधल्या सामाईक कॉम्प्युटरवर ते घालायची परवानगी नसेल, तर ती सोय मिळत नाही.

माझं मत इथेच एका बाजूला झुकतं. आकडे बदलण्याचा त्रास एक वेळ सोसता येतो, पण चुकीचा आकडा दिसायला बरोबर आकड्यासारखाच असतो. ब्रॅडफर्डच्या वाक्यापुढे `[5]` आलं तरी वाचताना काही खटकत नाही. तिथे `(Laemmli, 1970)` आलं असतं तर रंगद्रव्याच्या वाक्यात जेलवाला कसा, हे तपासणाऱ्याच्या आधी तुमच्याच लक्षात आलं असतं. शिवाय लेखक-वर्ष पद्धतीत पीटरसनचा लेख घातला, की यादीत P च्या जागी एक नोंद वाढते. बाकी कशालाच हात लावावा लागत नाही.

क्रमांक पद्धतीची बाजूही खरी आहे. किटसोबतचं माहितीपत्रक, उपकरणाचं मॅन्युअल यांना लेखक नसतो, कधी सालही नसतं. क्रमांकात ती निमूट बसतात. लेखक-वर्षात कंपनीचं नाव आणि `n.d.` लिहावं लागतं. आपल्याकडच्या शोधनिबंधांत आडनावं फार जुळतात, हीसुद्धा अडचण आहे. पहिल्याच लेखकाचं आडनाव पटेल असलेले दोन वेगळे लेख आले, तर एपीए शैलीत आद्याक्षरं जोडून `(R. Patel, 2019)` आणि `(S. Patel, 2021)` असं लिहावं लागतं, साल वेगळं असलं तरी. मजकूर थोडा लांबतो. पोस्टरवर जागा तोकडी असते, तिथे मीही क्रमांकच सुचवेन.

क्रमांक घेणार असाल, तर निदान चौकटी कंसातला घ्या. वर चढवलेला आकडा मोजमापाच्या एककाला चिकटला की घोटाळा होतो: लांबी `5 cm` लिहून त्याला दुसरा संदर्भ जोडला, तर कागदावर `5 cm²` उमटतं.

दहा-बारा संदर्भांच्या, दोन-तीनदा दुरुस्त होणाऱ्या अहवालाला मात्र लेखक-वर्ष पद्धत जास्त सोसते, असं मला वाटतं. तिची शेवटची तपासणीही सोपी आहे. यादीची प्रिंट जवळ ठेवून अहवालात आधी `19`, मग `20` आणि शेवटी `n.d.` शोधायचं. त्यात तापमानं आणि आकारमानंही येतील, ती सोडून द्यायची. जिथे साल किंवा `n.d.` सापडेल तिथलं नाव आणि साल यादीशी ताडून खूण करायची. यादीत बिनखुणेची नोंद उरली तर ती मजकुरात कुठेच आलेली नाही, आणि मजकुरातलं नाव यादीत मिळालं नाही तर ती नोंद लिहायची राहिली आहे.