फोटोतला अर्धा डाव: पांढरा बरा की काळा?

बुद्धिबळाच्या अर्ध्यावर आलेल्या डावाचा फोटो पाहून कोणाची बाजू वरचढ आहे हे सांगायचे असेल, तर मोहरे मोजण्याच्या आधी पट सरळ लावलेला आहे याची खात्री करावी. प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यातले घर पांढरे असले पाहिजे. ते काळे दिसत असेल, तर फोटो आरशासारखा उलटलेला आहे किंवा पटच आडवा मांडला आहे. मात्र फोटो वरचा खाली झाला असेल, तर कोपऱ्यांचे रंग तसेच राहतात आणि ही चूक या खुणेवरून कळत नाही. अशा वेळी दोन्ही राजे कोणत्या कडेला आहेत ते पाहून प्याद्यांची दिशा ठरवावी लागते.

आता एक स्थिती घेऊ. पांढऱ्याचा राजा जी१, हत्ती सी१, घोडा एफ३ आणि प्यादी ए२, बी३, ई३, एफ२, जी२, एच३ या घरांत आहेत. काळ्याचा राजा एफ८, हत्ती डी८, उंट एफ६ आणि प्यादी ए७, बी६, डी५, एफ७, जी६, एच७ येथे आहेत. वजीर पटावरून गेलेले आहेत. प्रत्येकाकडे एक हत्ती, एक हलका मोहरा आणि सहा प्यादी असल्यामुळे मोजणीत कोणीच पुढे नाही, आणि दोन्ही राजांना तूर्त काही धोका नाही.

फरक प्याद्यांच्या रचनेत आहे. काळ्याचे डी५ वरचे प्यादे एकाकी आहे. शेजारच्या सी आणि ई पट्ट्यांवर त्याची प्यादी नसल्यामुळे त्याचे रक्षण मोहऱ्यांनाच करावे लागते, आणि त्याच्या पुढच्या डी४ घरात बसलेल्या घोड्याला हुसकावणारे प्यादे काळ्याकडे उरलेले नाही. शिवाय मोकळी सी पट्टी पांढऱ्या हत्तीकडे आहे. एवढे पाहून बरेच जण पांढऱ्याच्या बाजूने निकाल देतात, पण तो घाईचा ठरतो, कारण काळ्याकडे काळ्या घरांवरून फिरणारा उंट आहे आणि तो थेट डी४ वर नजर ठेवून आहे.

म्हणून चाल कोणाची आहे यावर सगळे अवलंबून आहे. चाल पांढऱ्याची असेल, तर तो घोडा डी४ वर आणतो. प्यादे जागीच अडते आणि घोडा पुढे सी६ वर जाऊन डी८ चा हत्ती व ए७ चे प्यादे एकाच वेळी धरण्याची धमकी देतो. काळ्याने उंटाने घोडा मारला, तर पांढरा ई प्याद्याने उंट मारतो. तेव्हा पांढऱ्याचेही डी प्यादे एकाकी होते हे खरे, पण त्याचा हत्ती सी७ वर उतरायला तयार असतो आणि काळ्या हत्तीला डी७ वर बसून राखण करावी लागते. यातून विजय नक्की मिळेलच असे नाही. त्रास मात्र काळ्यालाच सोसावा लागतो.

चाल काळ्याची असेल, तर तो डी५ चे प्यादे लगेच डी४ वर ढकलतो, आणि त्याचे दुखणे तिथेच संपते. पांढऱ्याने ई प्याद्याने ते मारले, की काळा उंटाने मारतो, घोडा उंटाला मारतो आणि हत्ती घोड्याला. उरतात एकेक हत्ती आणि पाच-पाच प्यादी, म्हणजे बरोबरीचा डाव. उंटाने मारल्यावर पांढऱ्याने हत्ती डी१ वर आणून उंट अडकवायचा प्रयत्न केला, तरी उंट एफ६ वर परततो आणि तिथून डी८ च्या हत्तीला आधार देतो. प्यादे न मारता पांढऱ्याने ई३ चे प्यादे ई४ वर सरकवले, तर काळ्याला उंटाचा आधार असलेले मोकळे प्यादे मिळते, ज्याची त्याने तक्रार करण्याचे कारण नाही.

चाल कोणाची हे पट सांगत नाही, परंतु फोटोत घड्याळ आले असेल तर ते सांगते. ज्याच्या बाजूचे बटण खाली दाबलेले आहे, त्याची चाल नुकतीच झालेली असते. म्हणून चाल समोरच्याची. एखाद्याची नोंदवही वाचता येत असेल, तर शेवटच्या ओळीत फक्त पांढऱ्याची चाल लिहिलेली असणे म्हणजे आता पाळी काळ्याची.

यांपैकी काहीच दिसत नसेल आणि तरीही बाजू निवडायची असेल, तर मी पांढऱ्याची निवडेन, कारण चाल त्याची असल्यास तो वरचढ आहे आणि नसल्यास डाव बरोबरीत आहे. मात्र त्याआधी उंटाचे घर फोटो मोठा करून पुन्हा पाहीन, कारण प्रकाश तिरपा पडला असेल तर शेजारच्या घराचा भास होतो. उंट एफ६ वर नसून ई६ वर, म्हणजे पांढऱ्या घरात असेल, तर डी४ ला त्याचा आधार राहत नाही. प्यादे पुढे ढकलले की घोडा ते फुकट खातो, आणि मग चाल कोणाचीही असली तरी पांढराच बरा.