नॅटोकायनेज की सेराशिओपेप्टिडेज?

एकाच पायाची पोटरी सुजलीय, यातलं कुठलं घेऊ, असं एकाने विचारलं.

सेराशिओपेप्टिडेज सुजेवर देतात, नॅटोकायनेज रक्ताच्या गाठीवर म्हणून विकतात. दोन्ही एन्झाइमं, म्हणजे प्रथिनंच, जठरातल्या आम्लात मोडणारी. म्हणून सेराशिओपेप्टिडेजच्या गोळीवर आतड्यात विरघळणारं आवरण असतं. ती चावायची नाही. तरी रक्तात पोचतं ते नगण्यच.

दाढ काढल्यानंतरच्या सुजेवर सेराशिओपेप्टिडेजचा छोट्या चाचण्यांत कधी फायदा दिसला, कधी नाही. जपानमध्ये प्लासिबोहून सरस न ठरल्याने कंपनीनेच २०११मध्ये ते मागे घेतलं. नॅटोकायनेज परीक्षानळीत फायब्रिन, म्हणजे रक्ताच्या गाठीतले धागे, विरघळवतं. पायातली रक्ताची गाठ विरघळवल्याचा भरवशाचा पुरावा नाही.

दाढेच्या सुजेला डॉक्टरांनी दिलं तर सेराशिओपेप्टिडेज घ्या, अपेक्षा बेताची ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दोन्ही टाळा. एकाच पायाची अशी सूज मात्र शिरेतल्या रक्ताच्या गाठीची असू शकते, म्हणून आजच डॉप्लर सोनोग्राफी.