एसडी की एसई, जर्नलमध्ये नक्की काय लिहायचं?

बहिणीचा बीएस्सीच्या जर्नलवरून प्रश्न आलाय, मुगाच्या २५ रोपांची उंची मोजली, सरासरी १४ सेमी, आता ± च्या पुढे ३ लिहू की ०.६?

दोन्ही आकडे बरोबरच आहेत, पण सांगतात वेगळं. ३ हा एसडी, स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे रोपं एकमेकांपासून किती वेगळी आहेत ते. ०.६ हा एसई, स्टँडर्ड एरर, ३ ला २५ च्या वर्गमूळाने भागून आलेला, म्हणजे ती १४ सेमी सरासरी किती भरवशाची ते.

रोपं १०० केली तर? एसई ०.३ वर येतो, एसडी मात्र ३ च्या आसपासच राहतो कारण जास्त मोजल्याने रोपं काही सारखी होत नाहीत. पेपरात "सॅम्पल वाढवलं की एसडी कमी होतो" लिहून मार्क जातात ते इथेच. एक्सेलही गोंधळात भर घालतं, `STDEV.S` एसडीच देतं, एसई साठी `=STDEV.S(A1:A25)/SQRT(25)` करावं लागतं. आणि खरं सांगू, ग्राफवर एसईचे एरर बार छोटे, देखणे दिसतात म्हणून पण पोरं तेच टाकतात 😄

रोपांमधला फरक दाखवायचा तर एसडी, खतवाल्या नि बिनखताच्या गटांच्या सरासरीची तुलना असेल तर एसई. काहीही टाका, पण कोणता आणि n, म्हणजे मोजलेली रोपं, किती हे ग्राफखाली लिहा.